पडद्यावरचा भोंगा

आमच्या शेतकरी कंपनीच्या अ‍ॅपवर जो आवाज ऐकू येतो तो माझा आहे. कार्यालयात आम्ही तिघं. एकाला बारमाही खोकला, दुसऱ्याचं वाक्य कधी संपत नाही, म्हणून काम माझ्याकडे आलं. आष्टीला खताच्या दुकानावर दोन खोल्या आणि मागच्या बाजूला बियाण्याचं गोदाम, एवढा आमचा पसारा. रेकॉर्डिंग गोदामातच केलं. दोन्ही अंगांना तुरीच्या पोत्यांची थप्पी असली की आवाज घुमत नाही, असं अ‍ॅप बनवणाऱ्या प्रोग्रॅमरने सांगितलं होतं आणि ते खरं निघालं. केसांत भुसा घेऊन मी बाजारभाव, फवारणी आणि पावसाचा अंदाज असं एकेक वाचून काढलं.

आमच्या सभासदांपैकी बऱ्याच जणांना वाचायचा कंटाळा, काहींना वाचताच येत नाही, आणि शेतात हात मातीचे असतात. म्हणून सगळं आवाजातच द्यायचं, असं बैठकीत ठरलं. ठरवणाऱ्यांत मीही होते. विजेचा इशारा आला की आधी आठ सेकंद भोंगा वाजायचा, मग माझा आवाज. तेवढ्या वेळात पडद्यावर एका कर्ण्याचं चित्र दिसायचं. बाकी काही नाही.

उन्हाळा लागला तेव्हा एक सभासद कार्यालयात आला. वय चाळिशीच्या पुढे, वीज मंडळात वायरमन. आष्टीपासून बारा-तेरा किलोमीटरवर त्याचं गाव. थोडी कोरडवाहू जमीन होती, म्हणून तो आमचा सभासद. टेबलावर त्याने एक साधा मोबाइल ठेवला.

"जय भीम मॅडम. तुमचं ते अ‍ॅप ह्यातून काढून टाका."

"जय भीम. का, काय झालं?"

"बहिणीचा मोबाइल हाय. तिला ऐकू येत न्हाई. कर्णा दिसतो नुसता. ती दिसंल त्याला कर्णा दाखवती अन् इचारती, काय म्हणतंय ते सांग. माळावर कोण सांगणार, शेळ्या?"

मी त्याला बसायला सांगितलं. हकीगत अशी होती. बहीण त्याच्याहून दोन वर्षांनी लहान. सात-आठ वर्षांची असताना तापात कान गेले. तोपर्यंत बोलायला शिकलेली होती, म्हणून थोडं बोलते, पण ते घरच्यांनाच कळतं. नंतर मुक्या-बहिऱ्यांच्या शाळेत सातवीपर्यंत शिकली. वाचायला उत्तम, पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचते. लग्न केलं नाही. तिच्या चौदा शेळ्या, तिनेच वाढवलेल्या, आणि रोज त्यांना घेऊन ती एकटी माळावर जाते. मागच्या उन्हाळ्यात माळावरच्या कडुलिंबावर वीज पडली. झाडाखाली उभ्या दोन शेळ्या गेल्या, ती पन्नास पावलांवर होती.

"मी वायरमन माणूस," तो म्हणाला. "आभाळ आलं की मला फिडरवर लाइन बघाया पळावं लागतं. तिच्याकडं कोण बघणार? आईला लांब चालवत न्हाई. म्हणून ठरवलंय. शेळ्या इकायच्या अन् तिनं घरी बसायचं."

"त्यांचं काय म्हणणं आहे?"

"तिचं?" तो हसला. "तिचं म्हणणं असं की तुला भ्या वाटतं तर तू घरी बस."

मी म्हटलं, अ‍ॅप काढू नका, काय करता येतं ते बघते. तो म्हणाला, बघा, पण पंधरा दिवस. त्यानंतर व्यापारी येणार. एवढं बोलून तो तुरीचं बियाणं न घेताच गेला. त्याच्या खात्यात तो कधी काय घेतो हे मला पाठ होतं, आणि बियाणं घ्यायचं विसरला यावरून तो किती काळजीत आहे ते मला कळलं.

आमचा प्रोग्रॅमर बीडला असतो. पस्तिशीचा गृहस्थ, दोन मुलांचा बाप, पगारावर नाही, कामापुरता. मी त्याला फोन केला तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, सोपं आहे. बोललेल्याचं आपोआप अक्षरात रूपांतर करणारी सोय मिळते. लावून टाकतो."

त्याने लावली. माझी रेकॉर्डिंगं तिच्यात घातली. बाजारभाव बरे उतरले. विजेच्या इशाऱ्यात मात्र वाक्यं कुठे संपतात हेच त्या सोयीला समजेना. 'झाडाखाली थांबू नका पक्क्या घरात जा' हे सगळं एका दमात, विरामाशिवाय. धावत वाचणाऱ्या माणसाने थांबायचं कुठे? मी म्हटलं, रेकॉर्डिंगं ठरलेली आहेत, रोज नवी होत नाहीत. मी बसते आणि हाताने लिहिते.

दोन दिवस लागले. एका वेळी दोन ओळी, त्याहून जास्त नाही. ओळ अर्थावर तोडायची, शब्दसंख्येवर नाही. मी भरभर बोलते हे तेव्हा लक्षात आलं. ऐकणारा माझ्या वेगाने ऐकू शकतो, पण वाचणाऱ्याला ती ओळ वाचून होण्याआधीच पुढची येत होती. काही रेकॉर्डिंगं मी पुन्हा हळू वाचली. दोनदा पोत्यांच्या मागून मांजर आडवं गेलं म्हणून थांबले.

प्रोग्रॅमरने ओळी पडद्यावर आणल्या आणि मला पाठवल्या. मी मोबाइल घेऊन रस्त्यावर उन्हात गेले. काही दिसेना. पांढऱ्या पडद्यावर राखाडी अक्षरं त्याला सुबक वाटली होती. शिवाय ओळींमधली जागा इतकी कमी की वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या छाटल्या गेल्या होत्या. त्याला मी फोनवर म्हटलं, "तुम्ही एकदा उन्हात उभे राहून बघा."

"बीडलाही ऊनच आहे मॅडम."

"मग खोलीच्या बाहेर या."

काळी पट्टी, तिच्यावर मोठी पांढरी अक्षरं, ओळींत अंतर. हे झालं. मग मी अ‍ॅप पहिल्यापासून चालवून पाहिलं, आवाज पूर्ण बंद करून. हे आधीच करायला हवं होतं. इशारा आला. पट्टीवर आठ सेकंद काहीच नाही. त्यानंतर ओळी सुरू. त्या आठ सेकंदांत भोंगा वाजत होता; मला तो माहीत होता म्हणून मी वाट पाहिली. ज्याला तो ऐकूच येत नाही त्याने काय समजायचं? मी बोललेलं लिहिलं होतं, वाजलेलं लिहिलं नव्हतं. पहिल्या क्षणालाच पट्टीवर टाकलं: [भोंगा वाजत आहे. विजेचा इशारा.]

आता पडदा चमकवायचा होता. प्रोग्रॅमरने ते काम फार उत्साहाने केलं. लाल-पांढरा, लाल-पांढरा, असा तडतडा की माझं कपाळ दुखायला लागलं. मी म्हटलं, हे बंद करा. तो म्हणाला, लक्ष वेधायचंय ना? संध्याकाळी त्याचाच फोन आला. त्याने नियम शोधून वाचले होते. सेकंदात तीनपेक्षा जास्त वेळा चमकवू नये, काही माणसांना त्याने फिट येऊ शकते, आणि गडद लाल रंग त्यात अधिक वाईट. त्याने तो सेकंदाला एकदा केला, पिवळा आणि काळा. मोबाइलच्या मागचा दिवाही त्याच लयीत.

ही सगळी तयारी घेऊन मी बसने गावी गेले. प्रोग्रॅमर बीडहून मोटारसायकलवर आला. वायरमन घरीच होता. त्याची बहीण अंगणात शेळ्यांना पाणी दाखवत होती. ठेंगणी, काटक बाई. माझ्याकडे एकदा पाहिलं, भावाकडे पाहून हाताने काहीतरी विचारलं. तो म्हणाला, "हीच ती कर्ण्यातली बाई."

ती मोठ्याने हसली. तिचा स्वतःच्या आवाजावर अंदाज नव्हता, त्यामुळे हसणं अख्ख्या आळीला ऐकू गेलं.

मी तिला मोबाइलवर इशारा दाखवला. तिने पट्टी वाचली, मान हलवली. मग मोबाइल घेतला, भाकरीच्या कापडी पिशवीत टाकला, पिशवी दारातल्या शेवग्याच्या फांदीला अडकवली आणि हात झटकून माझ्यासमोर उभी राहिली. मला कळायला एक क्षण लागला. माळावर ती मोबाइल असाच ठेवत होती. पिवळा पडदा आणि मागचा दिवा, सगळं पिशवीतल्या भाकरीला दिसणार होतं.

"झालं मग," वायरमन म्हणाला.

"थरथर आहे ना," प्रोग्रॅमर म्हणाला. "मोबाइल अंगावर ठेवला तर थरथर कळेल."

"त्यो मोबाइल कायमच थरथरतो. मी दिवसाला धा फोन करतो."

"कशाला?" मी विचारलं. "त्यांना ऐकू येत नाही तर फोन कशाला करता?"

"माझा फोन दिसला की तिला कळतं मी काळजीत हाय."

त्याच्या बहिणीने हे ओठांवरून वाचलं असावं. तिने कपाळाला हात लावला.

प्रोग्रॅमरने तिथंच ओट्यावर लॅपटॉप उघडला. विजेच्या इशाऱ्याची थरथर वेगळी केली: तीन लांब, मग थांबणं, पुन्हा तीन लांब. भावाच्या फोनची छोटी छोटी राहिली. आईने जुन्या नऊवारीच्या तुकड्याची कमरेला बांधायची चंची शिवून द्यायचं कबूल केलं. तोवर तिने मोबाइल कमरेला ओच्यात खोवला.

चाचणी माळावर घेतली. ती आमच्याकडे पाठ करून तीनएकशे पावलांवर उभी राहिली. वायरमन घड्याळ घेऊन आमच्याजवळ. प्रोग्रॅमर खोटा इशारा पाठवायचा आणि ती काठी वर करायची. पहिल्यांदा काठी वर. दुसऱ्यांदा वर. तिसऱ्यांदाही वर. चौथ्या वेळी आम्ही वीस मिनिटं मुद्दाम थांबलो, मग इशारा पाठवला. काठी वर झाली नाही. ती तशीच उभी. एक बोकड येऊन तिची काठी हुंगून गेला.

"बघा," वायरमन म्हणाला.

मोबाइल स्वतःहून बॅटरी वाचवायला निघाला होता. वापर नसला की पाठीमागे चालणारी अ‍ॅपं तो झोपवतो. सेटिंगमध्ये जाऊन आमच्या अ‍ॅपला त्यातून सूट द्यावी लागते, आणि पडदा कुलूपबंद असतानाही इशारा पूर्ण पडद्यावर यावा याची परवानगी वेगळी. प्रोग्रॅमरने दोन्ही दिल्या. आम्ही अर्धा तास लिंबापासून लांब, बांधाच्या सावलीत बसलो. पाचवा इशारा पाठवला. काठी वर.

वायरमनने घड्याळ खिशात टाकलं. "ठीक हाय. मिरगापतुर बघू," म्हणाला. व्यापाऱ्याला त्याने थांबायला सांगितलं.

पुढं दोन आठवडे काही झालं नाही. उन्हाची काहिली वाढत गेली. मग एका दुपारी साडेतीनच्या सुमारास नगरकडून आभाळ काळं झालं आणि माझ्या टेबलावरचा मोबाइल भोंगा वाजवायला लागला. इशारा त्यांच्या भागासाठीही होता. संगणकावर कोणाकोणाला पोचला ते दिसतं. तिच्या मोबाइलला पोचल्याची खूण दिसली. मी हिशेबाच्या वह्या खिडकीपासून आत ओढल्या आणि कामाला लागले. पाऊण तासाने दुसरा निरोप सुटला: धोका टळला. त्यात तिच्या नावापुढे खूण नव्हती. रेंज गेली असेल म्हणून मी दुर्लक्ष केलं.

सहाला वायरमनचा फोन आला. मागे माणसं ओरडत होती, तो कुठल्यातरी खांबाशी होता.

"मॅडम, ती आली न्हाई. मोबाइल बंद लागतोय. बंद. रेंजच्या बाहेर न्हाई, बंद. तुमच्याकडं काय दिसतंय?"

"इशारा मिळाला होता. साडेतीनला."

"मग?"

"मग काही नाही."

त्याने फोन ठेवला. मी बसून राहिले. करण्यासारखं काही नव्हतं. आष्टीहून मी तिथे पोचेपर्यंत ते तिला शोधणार होते. दर दहा मिनिटांनी मी पोचल्याच्या खुणा तपासत होते, त्याचा उपयोग शून्य.

सातच्या आधी ती सापडली. पाझर तलावाच्या कामासाठी कधीतरी सिमेंट ठेवायला बांधलेली एक पक्की खोली तलावाच्या कडेला आहे, तिथे. चौदा शेळ्यांसकट, दार लोटून घेतलेलं. तिला काहीही झालं नव्हतं. पाऊस थांबून दोन तास उलटून गेले होते आणि ती आत बसलेली होती. गावातली माणसं माळ, ओढा, लिंबाचं झाड सगळं पालथं घालून आली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता दोघं माझ्या समोर. तो उभा, ती खुर्चीवर. त्याची रात्रपाळी झाली होती, डोळे लाल होते.

"आता काढा ते," तो म्हणाला. "सोमवारी व्यापारी येणार."

"मोबाइल बंद का होता?" मी त्याला विचारलं.

"मला इचारता? तुमीच सांगितलंय."

"मी?"

"ऐका तुमचंच." त्याने स्वतःच्या मोबाइलवर इशारा लावला. भोंगा, आणि मग माझा आवाज, संथ आणि शुद्ध. उघड्यावर थांबू नका. झाडाखाली थांबू नका. पक्क्या घरात जा. मोबाइल बंद ठेवा. धोका टळल्याचा निरोप येईपर्यंत बाहेर पडू नका.

मी ते पुन्हा लावायला सांगितलं. त्याने लावलं.

आमच्याकडे आभाळ कडाडलं की लोक मोबाइल बंद करतात. मोबाइल वीज ओढतो अशी सगळ्यांची खात्री आहे. मजकूर लिहिताना ते वाक्य कुणी सुचवलं हेही मला आठवत नाही. ते असणारच होतं, जसं पत्राच्या शेवटी कळावे असतं. मी ते वाचलं. नंतर पट्टीसाठी अक्षर न् अक्षर उतरवलं. आणि त्याच्या लगेच पुढे, निरोप येईपर्यंत थांबा. बंद मोबाइलवर निरोप कसा येणार, हा प्रश्न आमच्यापैकी कुणालाच पडला नव्हता. ऐकणाऱ्यांना पडायचं कारणही नव्हतं. गडगडाट थांबला की ते निघायचे. निरोपाची वाट कुणीच पाहत नव्हतं. ती पाहत बसली. तिने पट्टीवरचं सगळं केलं होतं, ओळीने.

"पण पाऊस थांबलेला दिसला असेल ना," मी तिच्याकडे बघून सावकाश बोलले. "खिडकी असेल."

तिने माझ्या टेबलावरचा कागद ओढला आणि लिहायला लागली. अक्षर मोठं, शाळेतल्यासारखं.

पाऊस थांबला. पण वीज चमकत होती नगरकडे. लांब आहे का जवळ ते मला कळत नाही.

मी वाचून वायरमनकडे दिलं. तो वाचून म्हणाला, "सातपतुर चमकत होती खरी. आवाज न्हवता. लई लांब होती."

आम्ही चमक बघतो आणि आवाजाची वाट पाहतो. उशिरा आला तर लांब, आलाच नाही तर फार लांब. ही मोजणी आम्ही कधी शिकलो ते कुणाला आठवत नाही. तिच्यासाठी पाच किलोमीटरवरची आणि साठ किलोमीटरवरची वीज सारखीच.

"तुम्ही वायरमन आहात," मी त्याला म्हटलं. "मोबाइल बंद ठेवल्याने काय होतं?"

"काय होत न्हाई. चार्जिंगला लावलेला नसावा. तारेतनं येती ती."

"मग तुम्ही बंद करता का?"

"करतो."

"का?"

"सगळे करत्यात म्हणून," तो म्हणाला.

त्याच्या बहिणीला हे बोलणं वाचायला मिळालं नसावं, कारण ती पुन्हा लिहीत होती. कागद माझ्याकडे सरकवला.

एक तर बंद म्हणा नाहीतर थांबा म्हणा. किती वाजेपर्यंत ते लिहा. वीज किती लांब ते लिहा. अक्षर पळून जातं ते ठेवा.

शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. ओळी माझ्या आवाजाच्या वेगाने येत आणि जात होत्या. चित्रफितीत ते चालतं. इशाऱ्यात ज्याने मोबाइल काढायला पंधरा सेकंद उशीर केला त्याला शेवटची ओळच दिसायची. पुन्हा पाहायचं तर पुन्हा सगळं लावा.

मी जिल्ह्याच्या आपत्ती व्यवस्थापन कार्यालयात फोन करून खात्री करून घेतली: मोबाइल चालू ठेवायला हरकत नाही, चार्जरला जोडलेला नको. मग प्रोग्रॅमरला फोन लावला. त्याने सगळं ऐकून घेतलं. विजेची जी माहिती त्याच्याकडे येते तिच्यात जागा आणि वेळ दोन्ही असतात; अंतर काढणं अवघड नव्हतं, कुणी मागितलं नव्हतं इतकंच. मी गोदामात जाऊन ते वाक्य पुन्हा बोलले. मोबाइल चालू ठेवा. चार्जिंगला लावू नका.

दोन दिवसांत पडदा बदलला. सगळ्यात वर मोठ्या आकड्यांत वेळ: अमुक वाजेपर्यंत आत थांबा. वीज नव्याने जवळ पडली की ती वेळ आपोआप पुढे जाणार आणि कमरेला पुन्हा थरथर होणार. त्याखाली शेवटची वीज किती किलोमीटरवर. त्याखाली सूचना, सगळ्या एकदम, बोटाने बंद करेपर्यंत हलणार नाहीत अशा. सर्वांत खाली एक बटण: आत पोचले. ते दाबलं की भावाच्या मोबाइलवर तसं अक्षरात जाणार. हे बटण प्रोग्रॅमरने स्वतःहून घातलं. म्हणाला, दहा फोन तरी वाचतील.

रविवारी वायरमनचा फोन आला. आवाज नेहमीपेक्षा हळू होता.

"मॅडम, नवीन आलंय. तिनं दाखवलं मला. चांगलं हाय. उद्या व्यापारी येतोय. तुमी एक खरं सांगा. आता चालंल का? न्हाई म्हणजे, परत्येक बारीला?"

चालेल म्हणणं सोपं होतं. मी नकाशा उघडून बसले होते. चाचणीच्या वेळच्या खुणा, त्यानंतर रोज तिचा मोबाइल कुठून कुठून जोडला गेला त्याच्या खुणा, सगळं समोर होतं. ठिकाण नोंदवायला तिने पहिल्याच दिवशी परवानगी दिलेली होती. लिंबाच्या बाजूला आणि तलावापर्यंत खुणा दाट होत्या. माळाच्या मागच्या उतारावर एकही नव्हती.

"नाही," मी म्हटलं. "प्रत्येक वेळी नाही. मागच्या उतारावर रेंज नाही. तिथे इशारा पोचणार नाही. पडदा कितीही चांगला केला तरी नाही. तलावाच्या अलीकडे चालेल, पक्की खोलीही तिथंच आहे. त्यातही मोबाइलची बॅटरी संपली तर संपलं."

"चारा मागंच हाय," तो म्हणाला. "अलीकडं चौदा शेळ्यांचं भागत न्हाई."

"ते मला माहीत नाही."

"तुमी चालंल म्हणला असता तर बरं झालं असतं."

"मला माहीत आहे," मी म्हटलं.

सोमवारी काय झालं ते मला त्याने नंतर सांगितलं, बियाणं न्यायला आला तेव्हा. व्यापारी टेम्पो घेऊन आला होता. चौदाच्या चौदा न्यायच्या म्हणून मागची फळी उघडून ठेवलेली. त्याने बहिणीला माझं म्हणणं सांगितलं, मागचा उतार बंद. तिने भांडण केलं. सगळी आळी दारात आली, कारण तिचं भांडण दबक्या आवाजात होत नाही. शेवटी ती गोठ्यात गेली आणि एकेक शेळी स्वतः बाहेर काढली. दोन म्हाताऱ्या, तीन बोकड. पाच झाल्यावर दाराला काठी आडवी लावली आणि उभी राहिली. व्यापाऱ्याने भावाकडे पाहिलं. भावाने टेम्पोची फळी लावून घेतली.

"नऊचं भागतं का अलीकडं?" मी विचारलं.

"भागवायचं म्हणती. शेवग्याचा पाला घालती." त्याने पावतीवर सही केली. "परवा आभाळ आलं तवा मी फिडरवर होतो. चारला निरोप आला, आत पोचले. मग पाचला तिनं टाइप करून धाडला, निघाले. मी फोन केला न्हाई."

"एकही नाही?"

"एक केला," तो म्हणाला आणि पोतं खांद्यावर घेतलं.

तो जिना उतरत होता तेव्हा माझ्या मोबाइलवर अक्षरात निरोप आला. तिचा होता. मागच्या उतारावर रेंज कधी येणार, असं तिने विचारलं होतं. टॉवर उभारणं आमच्या कंपनीच्या हातात नाही आणि कोणाच्या हातात आहे हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी तसंच लिहून पाठवलं. तिने लगेच विचारलं, मग कोणाला लिहायचं ते शोधा. मी टेलिफोनची जुनी वही काढली.